एक्कावन्न की अठ्ठेचाळीस?

माझा भाचा लातुरात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. परवा रात्री अकराला त्याचा फोन आला. सलाम झाला, खैरियत झाली, आणि मग म्हणाला, "मामू, औरंगजेबानं किती वर्षं राज्य केलं? एका क्लासच्या नोट्समध्ये 49 लिहिलंय, दुसऱ्या क्लासच्या 50, आणि रूमवरचा पोरगा म्हणतोय 51 हे तुमच्या लोकांनी फुगवून लिहिलेलं आहे."

शेवटचं वाक्य त्याला लागलं होतं, आवाजावरून कळत होतं. रूमवरचा पोरगा वाईट नाही, त्याचा दोस्तच आहे. पण त्याच्या मोबाइलवर कुणीतरी एक मजकूर पाठवला होता. 1707 मधून 1658 वजा करा, 49 सुद्धा पुरे होत नाहीत, मग दरबारी तवारिखीत एक्कावन्नावं वर्ष आलंच कुठून? म्हणजे मुसलमान इतिहासकार खोटारडे. वजाबाकी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अडाणी आहे.

आणि आपल्यातले काही जण कमी नाहीत. इकडे नांदेडात मी स्वतः ऐकलंय, "पुरी एक्कावन साल हुकूमत की." छाती पुढे काढून. त्यांनाही एक्कावन्न म्हणजे काय ते ठाऊक नाही. एक बाजू या आकड्याने शिवी देते, दुसरी मिरवते, आणि आकडा काय मोजतो हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

मुघल दरबार इसवी सन वापरत नव्हता. हिजरी सन वापरत होता, आणि त्याच्या जोडीला बादशहाचं आपलं वर्ष, म्हणजे सन-ए-जुलूस. जुलूस म्हणजे इथे मिरवणूक नव्हे, तख्तावर बसणं. हे वर्ष मोजण्याची रीत अशी की पहिला दिवस उजाडला की पहिलं वर्ष सुरू. शून्य वर्ष नाही. बाळाला "पहिलं वर्ष चालू आहे" म्हणतो ना, तसं. त्यामुळे जुलूसचं 51 म्हणजे 51 वर्षं पूर्ण झाली असं नाही, 50 पूर्ण झाली आणि पुढचं चालू आहे, एवढंच.

दुसरी गोष्ट, ही वर्षं चांद्र आहेत. हिजरी वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. हे 11 दिवस साठत साठत 33 वर्षांत एक पूर्ण वर्ष होतात. इतकी लांब कारकीर्द असेल तर फरक दीड वर्षाच्या घरात जातो.

आता हिशोब मांडू. औरंगजेबाचं पहिलं तख्तनशीन होणं दिल्लीजवळच्या शालिमार बागेत, 1 जिल्काद 1068 ला. इसवी तारीख 31 जुलै 1658. मृत्यू अहमदनगरला, 28 जिल्काद 1118, म्हणजे 3 मार्च 1707. हिजरीत मोजा, 50 वर्षं आणि 27 दिवस. इसवीत मोजा, 48 वर्षं, 7 महिने आणि तीनेक दिवस. माणूस तोच आणि दिवसही तेवढेच, जवळपास 17,745. फक्त गज वेगळा आहे. नुसत्या सालांची वजाबाकी केली तर 49 येतात, पण ते सगळ्यात ढोबळ उत्तर. जुलैपासून मार्चपर्यंतचा भाग पूर्ण वर्ष धरला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. औरंगजेबाचा राज्यारोहण समारंभ दोनदा झाला. शालिमार बागेतला घाईत उरकला, कारण दारा शुकोह अजून हाती लागला नव्हता. तो खुतबा आणि नाण्यांशिवायच झाला. थाटाचा, रीतसर समारंभ जून 1659 मध्ये दिल्लीत, 24 रमजान 1069 ला. तिथून मोजलं तर पावणेअठ्ठेचाळीस वर्षंच भरतात. मग जुलूसची वर्षं कुठून धरायची? दरबाराने ठरवलं, दोन्हीपैकी कुठूनच नाही. वर्ष 1 रमजान 1068 पासून धरा. का, तर त्याच रमजानात सामुगढच्या लढाईत दाराचा पराभव झाला होता. पण सामुगढची लढाई 7 रमजानची. म्हणजे कागदावर पहिलं वर्ष सुरू झालं त्या दिवशी लढाई व्हायची होती, आणि आग्र्यात शाहजहान तख्तावर होता! त्याचं स्वतःचं 32 वं जुलूस वर्ष चालू होतं. 1068 या एकाच हिजरी वर्षात शाहजहानची 32 लिहिलेली नाणी आहेत आणि मुराद बख्शने आपल्या नावाने पाडलेली, पहिल्या वर्षाची नाणीही आहेत. पहिल्या वर्षासाठी आकड्याऐवजी "अहद" हा शब्द घालायची पद्धत होती.

म्हणजे फुगवणं झालंच असेल तर ते इथे, महिन्या-दोन महिन्यांचं. दोन-अडीच वर्षांचं नाही. मृत्यू शव्वालनंतरच्या जिल्कादमधला असल्याने 1 रमजान धरा की 1 जिल्काद, दोन्हीकडून 51 वं वर्षच चालू होतं.

साकी मुस्ताद खानने "मआसिर-ए-आलमगिरी" जुलूसच्या वर्षांप्रमाणे लिहिली आहे, म्हणून त्यात 51 वं वर्ष येतं. त्याने खोटं लिहिलेलं नाही. खोटं आपण वाचतो. आणि असं वाचल्याने नुसती कीर्ती-अपकीर्ती नाही, घटनांचा क्रम बिघडतो. गोवळकोंडा औरंगजेबाच्या 31 व्या वर्षी पडला. आता 1658 मध्ये 31 मिळवा. 1689 येतं. पण 1689 च्या मार्चमध्ये तर छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. असं साल धरून कुणी लिहू लागला तर दख्खनच्या त्या तीन वर्षांची सगळी उलथापालथ होईल. कुतुबशाही आधी बुडाली की महाराज आधी पकडले गेले, हे लहानसहान नाही.

बरोबर वाट अशी. जुलूसच्या आकड्यात 1067 मिळवा. 31 अधिक 1067 म्हणजे 1098. हे हिजरी वर्ष, ज्याच्या रमजानात ते जुलूस वर्ष सुरू झालं. 1098 चा रमजान 1687 च्या जुलैत येतो, आणि गोवळकोंडा पडला 24 जिल्काद 1098 ला, म्हणजे त्याच वर्षी पुढे शरदात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तारीख 21 सप्टेंबर 1687 दिसेल, नव्या पंचांगाने ती 1 ऑक्टोबर होते. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ते दहा दिवस मागे होतं. औरंगजेबाचं राज्यारोहणही म्हणूनच कुठे 21 जुलै, कुठे 31 जुलै दिसतं, आणि मृत्यू कुठे 20 फेब्रुवारी, कुठे 3 मार्च. सुरुवात एका कॅलेंडरची आणि शेवट दुसऱ्याचा घेऊ नका, एवढं सांभाळा. आमच्या नांदेडचंच उदाहरण, गुरु गोविंदसिंहजींची 7 ऑक्टोबर 1708 ही जुन्या कॅलेंडरची तारीख आहे.

हीच युक्ती नाण्यालाही लागू पडते. आलमगिरी रुपयाच्या एका बाजूला हिजरी साल आणि दुसऱ्या बाजूला जुलूस साल असतं. हिजरीतून जुलूस वजा करा. रमजान ते जिल्हज या महिन्यांत पाडलेला असेल तर 1067 उरतील, मोहरम ते शाबान असेल तर 1068. तिसरं उत्तर आलं, समजा 1100 आणि 35, तर आकडा वाचण्यात चूक आहे, नाहीतर टाकसाळीत एका बाजूचा जुना ठसा दुसऱ्या बाजूच्या नव्या ठशाबरोबर वापरला गेला, नाहीतर नाणं नकली आहे. शुक्रवारच्या बाजारात "बादशाही नाणं" म्हणून विकत घेणाऱ्यांनी एवढी वजाबाकी तरी करावी.

आता रूमवरच्या त्या पोराला माझा उलटा प्रश्न आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 चा, मृत्यू 3 एप्रिल 1680 चा. राज्याभिषेकापासून मोजलं तर 5 वर्षं आणि 10 महिनेही भरत नाहीत, सहावं वर्ष चालू होतं. म्हणून महाराजांनी सहाच वर्षं राज्य केलं असं तू म्हणशील? नाही म्हणणार, आणि बरोबरच आहे. सिंहासनावर बसण्याआधीच किल्ले, सैन्य, महसूल सगळं त्यांच्या हाती होतं. राज्याभिषेकापासून मोजायचा तो राज्याभिषेक शक, आणि तो महाराजांच्या मृत्यूनंतरही पुढे चालू राहिला. जुलूस मात्र बादशहाबरोबर संपतो, पुढच्याचं पुन्हा "अहद". मोजणीच्या या दोन रीती आहेत, आणि कुणाचं राज्य किती वर्षं टिकलं हे त्या दोन्हीपैकी कुठलीच एकटी सांगत नाही. आपल्या राजाला जी समज लावतोस ती दुसऱ्याला लावायला काय हरकत आहे?

हे सगळं फोनवर सांगून झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. भाचा म्हणाला, "मामू, ते ठीक आहे, पण पेपरात मी टिक कशावर करू?"

मी म्हटलं, प्रश्नात 1658 ते 1707 अशी सालं दिली असतील तर 49 वर कर, मार्क घे. "कितव्या राज्यवर्षी मृत्यू झाला" असं असेल तर 51. "किती वर्षं" असं मोघम असेल आणि 48, 49, 50, 51 चारही पर्याय असतील, तर प्रश्न काढणाऱ्यालाच नापास करायला हवं, पण ते तुझ्या हातात नाही.

मग त्याने पुढच्या प्रश्नाचा फोटो पाठवला. शेवटचे निजाम, मीर उस्मान अली खान. नोट्समध्ये "कारकीर्द: 1911 ते 1967, 56 वर्षे." मी कपाळावर हात मारला. राज्यावर आले 29 ऑगस्ट 1911 ला, तारीख 4 रमजान 1329. इंतकाल 24 फेब्रुवारी 1967 ला, हेही खरं. पण तख्तावर बसल्यापासून मरेपर्यंत राज्यच होतं असं कुणी सांगितलं? शाहजहान 1666 पर्यंत जिवंत होता, आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत. त्याची शेवटची आठ वर्षं कुणी त्याच्या राज्यात धरतं का?

निजामांचं राज्य पोलीस कारवाईत, 17 सप्टेंबर 1948 ला संपलं असं धरलं तर 37 वर्षं आणि 19 दिवस होतात. चांद्र हिशोबाने तेच 38 वर्षं आणि वर दोन महिने, म्हणजे 39 वं जुलूस वर्ष. काही अभ्यासक 26 जानेवारी 1950 पर्यंत मोजतात, कारण मधल्या काळात लष्करी प्रशासन असलं तरी फर्मानं निजामांच्याच नावाने निघत होती. ते मोजणंही मान्य करता येईल, तसं 38 वर्षं आणि पाच महिन्यांना तीन दिवस कमी भरतात. त्यानंतर 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत ते राजप्रमुख होते, म्हणजे भारतीय संविधानाखालचं पद, राज्य नव्हे. आणि त्यानंतरची दहा वर्षं ते हैदराबादेतले एक वयस्क गृहस्थ होते. आणि हो, रौप्यमहोत्सव फेब्रुवारी 1937 मध्ये साजरा झाला म्हणून 1912 ला राज्यावर आले असंही लिहू नकोस, समारंभ उशिरा झाला होता, वर्षं आधीच भरली होती.

आमच्या आईला 1948 चं सगळं आठवायचं. तिला कुणी सांगितलं असतं की निजामाचं राज्य 1967 पर्यंत होतं, तर तिने त्या नोट्स चुलीत घातल्या असत्या. भाचा म्हणाला, क्लासला फोन करून सांगतो. सांग म्हटलं, आणि सांगताना तारखा दोन्ही कॅलेंडरच्या दे.