तूर घेतली, पुढे काय?

केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद आणि मसूर यांची नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून चार वर्षे हवी तेवढी खरेदी करण्याची हमी दिली. नाफेड आणि एनसीसीएफ या दोन संस्थांवर हे काम सोपवले आहे. त्याच अर्थसंकल्पात कडधान्यांत स्वयंपूर्ण होण्याचे अभियानही जाहीर झाले. शेतकऱ्याला हमीभाव मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण घेतलेला माल कुठे ठेवायचा, केव्हा विकायचा, किती भावाने विकायचा आणि तोटा कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे खरेदीचा काटा सुरू होण्याआधी ठरलेले असावे लागते. ते ठरलेले नसले की काय होते, हे महाराष्ट्राने 2017 साली तुरीच्या निमित्ताने अनुभवले आहे.

त्याआधीची वर्षे आठवून पाहावीत. 2014 आणि 2015 या लागोपाठच्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला. राज्यातले तुरीचे उत्पादन साडेचार लाख टनांच्या आसपास घसरले आणि शहरांत तूरडाळ 200 रुपये किलोवर गेली. साठेबाजांवर छापे पडले, साठामर्यादा लावली गेली. बाहेरून डाळ आणण्याची घाई सुरू झाली. 2016 च्या जुलैमध्ये मोझांबिकशी दीर्घ मुदतीचा आयात करार झाला. त्याच खरिपासाठी तुरीचा हमीभाव बोनससह 5,050 रुपये क्विंटल जाहीर झाला होता आणि शेतकऱ्यांना कडधान्ये पेरा म्हणून आवाहन केले जात होते. शेतकऱ्याने बाजारातला चढा भाव पाहिला, सरकारची हमी ऐकली आणि तूर पेरली. त्यातच पाऊस चांगला झाला. पेरा वाढला होताच, पण त्याहून कितीतरी अधिक वाढला एकरी उतारा. राज्यात सुमारे 20 लाख टन तूर आली, म्हणजे आदल्या वर्षीच्या चौपटीहून जास्त. देशाचे उत्पादनही साधारण 25 लाख टनांवरून 48 लाख टनांवर गेले. त्याच आर्थिक वर्षात सुमारे 7 लाख टन तूर आयात होऊन बंदरांवर उतरली.

एवढा माल एकदम आल्यावर भाव टिकणे शक्य नव्हते. नवी तूर बाजारात येताच तो 4,000 रुपयांच्या घरात आला. डाळींच्या निर्यातीवर 2006 पासून बंदी होती. त्यामुळे जास्तीचा माल देशाबाहेर जायला वाट नव्हती, आत यायला मात्र होती. तुरीच्या आयातीवर 10 टक्के शुल्क लागले ते 2017 च्या मार्चमध्ये, आयातीवर प्रमाणाची मर्यादा आली ऑगस्टमध्ये आणि तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबरमध्ये. तूर डिसेंबरअखेरपासून निघते आणि लहान शेतकऱ्याच्या घरातून मार्च-एप्रिलपर्यंत संपते. म्हणजे भाव सावरणारे तिन्ही निर्णय त्याच्यासाठी उशिरा झाले. उरला तो सरकारी खरेदीचा एकच आधार, आणि सगळा भार त्याच्यावर आला.

खरेदी केंद्रांवर काय चालले होते, ते विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी विसरलेले नाहीत. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा बाजार समितीच्या फाटकाबाहेर रस्त्यावर आल्या होत्या. माल आधी चाळणीवर जायचा. ओलावा 12 टक्क्यांच्या आत आहे का, दाणा भरलेला आहे का, काडीकचरा किती, हे ग्रेडर पाहायचा. त्याने पास केला तर माल काट्यावर, नाहीतर परत ट्रॉलीत. त्यापुढचा अडथळा बारदान्याचा. पोती संपली की काटा बंद, आणि नवी पोती येईपर्यंत शेतकरी ढिगाशेजारी मुक्कामाला. गोदामे भरली की पुन्हा तेच. खरेदीची मुदत मार्चच्या मध्यापासून पुढे ढकलत ढकलत 22 एप्रिलपर्यंत नेली आणि त्या दिवशी ती बंद झाली. रांगेत माल शिल्लक होता. ओरड झाल्यावर राज्य सरकारने बाजार हस्तक्षेप योजनेखाली स्वतः खरेदीत उतरायचे ठरवले आणि सुमारे 25 लाख क्विंटल तूर त्याच 5,050 रुपयांनी घेतली.

बाजारभाव आणि हमीभाव यांत हजार रुपयांचे अंतर पडले की त्या अंतरावर जगणारे लोकही तयार होतात. ज्याला पेरणीच्या उसनवारीचे पैसे लगेच फेडायचे होते, त्याला रांगेत आठ-दहा दिवस थांबणे परवडत नव्हते. त्याने 4,000 रुपयांनी व्यापाऱ्याला माल दिला. तोच माल दुसऱ्या कुणाच्या सातबाऱ्यावर पुन्हा केंद्रावर आल्याच्या तक्रारी झाल्या आणि सरकारला चौकशी लावावी लागली. ज्याच्यासाठी हमीभाव ठरवला, त्याच्या हातात तो पुरता पोहोचला नाही आणि तिजोरीतून मात्र तो पूर्ण गेला. पीकपेऱ्याची नोंद आणि केंद्रावर आलेला माल यांचा मेळ घालणे म्हणूनच आवश्यक असते. एखाद्या गावात एकरी उतारा चार क्विंटल असताना तिथल्या सातबाऱ्यांवर सात-आठ क्विंटल विकले गेले, तर बाहेरचा माल आत आला हे ओळखायला वेगळ्या पुराव्याची गरज नसते.

आता त्या 25 लाख क्विंटलचा हिशेब मांडू. 5,050 रुपयांनी त्याची नुसती किंमत 1,262 कोटी रुपये होते. 50 किलोच्या पोत्यांत भरायची तर 50 लाख पोती लागतात. त्यावर हमाली, वाहतूक, गोदामाचे भाडे, औषध फवारणी आणि विमा. या पैशावर नऊ टक्के व्याज धरले तरी वर्षाला 113 कोटींहून जास्त होते, म्हणजे माल वर्षभर पडून राहिला तर दर क्विंटलमागे साडेचारशे रुपये व्याजातच जातात. शिवाय तूर हे काही गव्हासारखे दोन-दोन वर्षे सांभाळायचे धान्य नाही. साठवणुकीत हयगय झाली की भुंगा लागतो, दाणा पोकळ होतो आणि वजन घटते.

सरकारला तूर रेशनवर विकायची असेल तर तिची डाळ करावी लागते. एक क्विंटल तुरीपासून साधारण 70 किलो डाळ निघते. चुणी आणि टरफल पशुखाद्यात जाते, त्यातून भरडाईचा थोडा खर्च निघतो. म्हणजे 5,050 रुपयांच्या तुरीतून निघालेली डाळ कच्च्या मालाच्या किमतीतच 72 रुपये किलो पडते. भरडाई, पॅकिंग, वाहतूक आणि व्याज त्यावर वेगळे. ही डाळ सरकारने रेशन दुकानांतून आधी 55 रुपये किलोने विकायला काढली. तेव्हा बाजारातच डाळ स्वस्त झालेली होती, त्यामुळे उचल मंद राहिली. पुढचे पीकही दाराशी आले. शेवटी 2018 साली दर 35 रुपयांवर आणला गेला. 72 रुपयांची वस्तू 35 रुपयांना विकताना किलोमागे 37 रुपये जातात. सगळी डाळ या दराने गेली असे धरले तर साडेसतरा कोटी किलोवर हा तोटा 647 कोटी रुपये होतो, आणि यात भरडाईपासून व्याजापर्यंतचा एकही पैसा धरलेला नाही.

गरिबाला 35 रुपयांत डाळ मिळाली हे चांगलेच झाले. डाळ हे गरिबाच्या ताटातले मुख्य प्रथिन आहे आणि त्यासाठी सरकारने पैसा घालणे योग्य आहे. प्रश्न असा, की हा निर्णय माल घेतला त्याच महिन्यात का झाला नाही? 2017 च्या उन्हाळ्यातच ती डाळ रेशन, शालेय पोषण आहार, अंगणवाड्या, आश्रमशाळा आणि तुरुंग यांच्या नावाने ठरवून दिली असती, तर वर्षभराचे गोदामभाडे आणि व्याज वाचले असते. पुढच्या हंगामाच्या तोंडावर जुना साठा बाजाराच्या डोक्यावर टांगलेलाही राहिला नसता. सरकारकडे लाखो क्विंटल माल पडून आहे आणि तो आज ना उद्या बाहेर येणार, हे ठाऊक असलेला व्यापारी नव्या मालाला भाव कशाला देईल? साठवलेली तूर अशा रीतीने पुढच्या वर्षीच्या शेतकऱ्याच्या विरोधात उभी राहते.

खरेदीऐवजी फरकाची रक्कम थेट शेतकऱ्याला द्यावी, असा पर्याय अर्थतज्ज्ञ सुचवतात. 4,000 आणि 5,050 यांतला फरक 25 लाख क्विंटलवर सुमारे 262 कोटी होतो. 647 कोटींच्या तुलनेत हा सौदा फायद्याचा दिसतो. पण मध्य प्रदेशाने 2017 च्या खरिपात भावांतर योजना आणली तेव्हा योजनेच्या काळात मंडईत आवक एकदम वाढली आणि भाव आणखी पडल्याच्या तक्रारी आल्या. फरक सरकार देणार म्हटल्यावर व्यापाऱ्याला भाव चढवण्याची गरज राहत नाही. शिवाय ज्या शेतकऱ्याने नोंदणी केली नाही, त्याला पडलेला भावच घ्यावा लागतो. प्रत्यक्ष खरेदीने बाजाराला खाली एक टेकू मिळतो, तो भावांतराने मिळत नाही. म्हणून खरेदी सोडून देणे हा उपाय आम्हाला मान्य नाही. ती आटोपशीर, वेळेवर आणि विक्रीच्या तयारीसह करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुर्दैवाने आयातीच्या बाबतीत जुनीच चूक पुन्हा घडते आहे. 2024 च्या खरिपासाठी तुरीचा हमीभाव 7,550 रुपये होता. नवी तूर बाजारात येत असतानाच, 2025 च्या जानेवारीत, शुल्कमुक्त आयातीची मुदत मार्च 2026 पर्यंत वाढवण्यात आली. काही आठवड्यांत राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत भाव हमीभावाखाली आला. एकीकडे म्यानमार आणि आफ्रिकेतून येणारी स्वस्त तूर भाव पाडते आणि दुसरीकडे पडलेला भाव उचलून धरण्यासाठी नाफेड करदात्याच्या पैशाने खरेदी करते. शहरातल्या ग्राहकाला महागाईपासून वाचवण्याची सरकारची चिंता खरी आहे. पण त्या चिंतेचा भुर्दंड दरवेळी शेतकऱ्यावर आणि तिजोरीवर पडावा, हे न्याय्य नाही.

2025 च्या खरिपासाठी हमीभाव 8,000 रुपये झाला आहे. त्या भावाने घेतलेल्या तुरीची डाळ, वरच्याच हिशेबाने, 114 रुपये किलो पडते. हवी तेवढी खरेदी करण्याची हमी आणि हा भाव एकत्र धरले, तर चांगल्या पावसाच्या वर्षी सरकारच्या हातात किती माल येईल आणि तो विकताना किती पैसे बुडतील, याचा अंदाज बांधायला 2017 चे वर्ष पुरेसे आहे. कृषी आणि अन्न मंत्रालयांनी आयात शुल्काचा निर्णय जूनच्या पेरणीआधी जाहीर करून तो हंगामभर बदलू नये. खरेदी होणाऱ्या डाळीतला किती वाटा कोणत्या राज्याच्या रेशनवर आणि पोषण आहारात जाणार, त्याचा दर काय आणि होणाऱ्या तोट्याची तरतूद कोणत्या शीर्षकाखाली, हे अर्थसंकल्पातच छापावे. आणि राज्याच्या पणन खात्याने बारदाना, गोदामे आणि केंद्रांची यादी नोव्हेंबरअखेर तयार ठेवावी, म्हणजे डिसेंबरात पहिली ट्रॉली आली त्या दिवशी काटा चालू झालेला असेल.