गुडघ्याची दुखापत आणि विम्याचे पत्र

नागपूरच्या एका वाचक भगिनींचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. 12 डिसेंबरला आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत चढाई करताना बचावपटूंनी त्याचा घोटा धरला. पाय जमिनीवर अडकला, अंग मात्र वळले, आणि गुडघ्यातून ‘टप’ असा आवाज आला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून फुटबॉलसारखा झाला. एमआरआयमध्ये पुढचे लिगामेंट तुटल्याचे दिसले. सूज उतरून पाय पुरता वाकू लागेपर्यंत थांबावे, असे डॉक्टरांनी सुचवले, म्हणून शस्त्रक्रिया 23 जानेवारीला झाली.

बाईंनी जूनमध्येच कुटुंबाची मेडिक्लेम पॉलिसी काढली होती. त्यांनी विमा कंपनीला लिहिले: ‘माझ्या मुलाच्या गुडघ्याच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, तरी खर्च मिळावा.’ दावा नामंजूर झाला. कारण असे दिले की, गुडघ्याच्या लिगामेंटच्या उपचारांना या पॉलिसीत पहिले 24 महिने संरक्षण नाही.

सगळा घोळ ‘दुखणे’ या एका शब्दाने केला. अशा प्रतीक्षा काळाच्या अटीतच लिहिलेले असते की, अपघातामुळे आलेल्या दाव्याला ती लागू नाही. विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे, इच्छेविरुद्ध आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या, जोरदार कारणाने घडलेली घटना. बाईंच्या पत्रात ना तारीख होती, ना मैदान, ना पकड. त्यात डिस्चार्ज कार्डावर ‘सहा आठवडे गुडघेदुखी’ एवढेच लिहिलेले! ते वाचणाऱ्याला हा जुना आजार वाटला, तर त्याचा फारसा दोष नाही.

आम्ही त्यांना दुसरे पत्र असे लिहायला सुचवले:

‘विषय: अपघाती दुखापतीचा दावा क्र. … नामंजूर केल्याबाबत फेरविचाराची विनंती.

महोदय, माझा मुलगा 12 डिसेंबर रोजी दुपारी सुमारे 4 वाजता … महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डीचा सामना खेळत होता. चढाई करताना प्रतिस्पर्ध्यांनी घोटा पकडल्याने तो पडला व उजवा गुडघा मुरगळला. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात नेले. 16 डिसेंबरच्या एमआरआयमध्ये लिगामेंट तुटल्याचे व हाडाला नुकताच मुका मार लागल्याचे नमूद आहे. या गुडघ्यावर पूर्वी कधीही उपचार झालेले नाहीत. शस्त्रक्रिया सूज उतरेपर्यंत वैद्यकीय सल्ल्याने पुढे ढकलली होती. ही अपघाती दुखापत असल्याने 24 महिन्यांच्या प्रतीक्षा काळाची अट येथे लागू होत नाही. तो महाविद्यालयाचा विद्यार्थी असून व्यावसायिक खेळाडू नाही. कृपया दाव्याचा फेरविचार करून लेखी उत्तर द्यावे.’

या पत्रातले हाडाच्या मुक्या माराचे वाक्य सर्वात मोलाचे. लिगामेंट तुटताना मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर आपटते आणि त्याची खूण एमआरआयमध्ये दिसते. काही महिन्यांत ती विरून जाते. म्हणजे ती खूण असली, तर दुखापत ताजी आहे याचा तो पुरावाच असतो. आपल्या अहवालात ती नसेल तर अर्थातच हे वाक्य लिहू नये. पत्रात एक गोष्ट खोटी निघाली, की खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्राला त्यांनी त्या संध्याकाळचा केसपेपर आणि क्रीडा विभागप्रमुखांचा दाखला जोडला. सामन्याच्या गुणपत्रकाची प्रतही जोडली, कारण त्यात मुलाच्या जागी राखीव खेळाडू आल्याची नोंद होती. डिस्चार्ज कार्डातला ‘गुडघेदुखी’ हा उल्लेख मात्र आपण खोडून बदलायचा नसतो. बाईंनी डॉक्टरांकडून ‘12 डिसेंबरला कबड्डी खेळताना झालेली दुखापत’ असे सही-शिक्क्याचे स्वतंत्र पत्र घेतले. डॉक्टर आधी कुरकुरले, पण जुना केसपेपर समोर ठेवल्यावर त्यांनी ते दिले.

हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवून पोच जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुदत एक वर्षाची असते. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

बाईंवर ती वेळ आली नाही. सुमारे तीन आठवड्यांत 1,31,000 रुपयांपैकी 1,18,500 रुपये जमा झाले. गुडघ्याच्या पट्ट्याचे पैसे वगळले गेले आणि एमआरआयचेही. त्यांच्या पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीच्या फक्त 30 दिवसांचा खर्च मिळतो आणि एमआरआय त्याच्या आठवडाभर आधी झाला होता. ‘ज्या कागदाने दावा जिंकला, नेमके त्याचेच पैसे बुडाले,’ असे बाईंनी हसत हसत कळवले आहे. चिरंजीव सध्या फिजिओथेरपिस्टकडे जातात आणि कबड्डीचे नाव काढले, की आईकडे बघतात.