नोकरी सोडताना शेअरच्या हक्काचे काय होते?

आपल्या बिलोली-देगलूर भागातील मुले आता पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत नोकरीस जातात. त्यांच्या नेमणूकपत्रात पगाराखाली कधी कधी एक ओळ असते: ‘४०० स्टॉक ऑप्शन’. घरातील वडीलधाऱ्यांना वाटते, मुलाच्या नावावर चारशे शेअर झाले. वस्तुतः तो आज ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा केवळ हक्क असतो. पेढीच्या भाषेत सांगायचे तर भाव आज बांधला आहे, पण माल उचलण्याचा अधिकार नोकरीची मुदत भरेल तसतसा मिळतो. हा अधिकार पक्का होणे म्हणजेच ‘व्हेस्टिंग’. कायद्यानुसार पहिला हप्ता पक्का होण्यास किमान एक वर्ष जावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १ जुलै २०२२ रोजी एका मुलास ४०० ऑप्शन मिळाले. भाव १०० रुपये ठरला आणि दरवर्षी १ जुलैला शंभर ऑप्शन पक्के होणार होते. त्याने राजीनामा दिला व १५ जून २०२५ हा त्याचा अखेरचा दिवस ठरला. त्या दिवशी २०० ऑप्शन पक्के होते. उरलेले २०० तत्क्षणी रद्द झाले. कंपनी कायद्याखालील २०१४ चे नियम आणि नोंदणीकृत कंपन्यांसाठी सेबीचे २०२१ चे नियम, दोन्हींत हेच आहे. शेअरचा मूल्यांकित भाव ६०० रुपये धरला, तर केवळ सोळा दिवसांसाठी शंभर ऑप्शनवरील ५०,००० रुपयांचा लाभ गेला. काही योजनांत मात्र राजीनामा दिल्याचा दिवसच हिशेबाला धरतात. तसे असेल तर नोटिशीच्या काळात येणारा हप्ताही मिळत नाही. म्हणून पत्र देण्यापूर्वी हे कलम वाचावे.

पक्के झालेले दोनशेही आपोआप शेअर होत नाहीत. ते ठरावीक मुदतीत पैसे भरून घ्यावे लागतात. ही मुदत योजना ठरवते आणि अनेक ठिकाणी ती नोकरी सुटल्यापासून तीस ते नव्वद दिवसांची असते. आपल्या उदाहरणात शेअरची किंमत २०,००० रुपये होईल. शिवाय भावातील फरक, म्हणजे दोनशे शेअरवरील १,००,००० रुपये, पगाराचे उत्पन्न समजले जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यास त्यावर उपकरासह सुमारे ३१,२०० रुपये कर बसेल. एकूण ५१,२०० रुपये रोख लागतील. कंपनी बाजारात नोंदलेली नसेल, तर हे शेअर लगेच विकता येतीलच असे नाही. कर मात्र शेअर विकण्यापूर्वीच द्यावा लागतो. रोख रकमेची सोय न झाल्याने मुदत उलटली, तर पक्का झालेला हक्कही जातो.

कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला, तर नियम उलट आहे. तोवर दिलेले सर्व ऑप्शन, पक्के नसलेलेही, वारसांच्या हाती पक्के होतात. ते घेण्याची मुदत वारसांनी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावी.

बडतर्फीत गोष्ट अधिक कठीण होते. कायदा पक्क्या ऑप्शनचा वापर योजनेच्या अटींवर सोपवतो, आणि गैरवर्तनासाठी काढल्यास तेही रद्द, असे कलम बहुतेक योजनांत असते. याचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. आयसीआयसीआय बँकेच्या प्रमुख चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्ती बँकेने ४ ऑक्टोबर २०१८ रोजी स्वीकारली. त्यानंतर त्यांनी ऑप्शन वापरून ६ लाख ९० हजार शेअर घेतले. निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा चौकशी अहवाल आल्यावर ३० जानेवारी २०१९ रोजी बँकेने ती निवृत्ती ‘कारणासाठी बडतर्फी’ मानली. पक्के पण न वापरलेले ऑप्शनही रद्द केले आणि एप्रिल २००९ पासूनचा बोनस परत मागितला. त्या न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना अंतरिम दिलासा नाकारला व ते शेअर विकण्या-हस्तांतरित करण्यास मनाई केली. मे २०२३ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केले. हे अंतरिम आदेश होते, दाव्याचा अंतिम निकाल नव्हे. तरी यातून एक गोष्ट दिसते: निरोपाच्या पत्रावर लिहिलेले कारण पुढे बदलू शकते, आणि कारण बदलले की हाती आलेल्या शेअरवरही वाद उभा राहतो.

म्हणून मुलाने राजीनाम्यापूर्वी योजनेची पूर्ण प्रत मागावी. नेमणूकपत्रातील एका ओळीवर विसंबू नये. त्यात हिशेबाचा दिवस कोणता, शेअर घेण्याची मुदत किती आणि ‘कारणासाठी बडतर्फी’ची व्याख्या काय, ही तीन कलमे पाहावीत. कंपनीने राजीनामा मागितला असेल, तर कार्यमुक्तीच्या पत्रात ‘राजीनामा’ हा शब्द व पक्क्या ऑप्शनची संख्या लिहून घ्यावी. शेअर घ्यायचे की हक्क सोडायचा, हे कराची रक्कम मांडल्यावर ठरवावे.