पोस्टचं वेळापत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. बारामतीत भाभी घरगुती शेवया आणि सुकामेवा विकतात. इंदापूरची नणंद फोटो काढते, धाकटा दीर गावोगाव माल पोहोचवतो. पोस्ट कधी टाकायची, हे भाभींनी पोस्ट शेड्यूल करणाऱ्या ॲपमध्ये भरलेलं असतं. पण ते ॲप फक्त त्याच उघडतात. नणंद रोज फोनवर विचारते, “भाभी, उद्या कुठला फोटो हवाय?”

अशा अनेक ॲपमध्ये Calendar feed किंवा iCal नावाची सोय असते. तिथं एक लांबलचक लिंक मिळते. ही लिंक आपल्या कॅलेंडरला जोडली, की ठरलेली प्रत्येक पोस्ट तारीख-वेळेसह तिथं दिसते. नणंदेला वेगळं ॲप शिकावं लागत नाही.

गूगल कॅलेंडरमध्ये ही जोडणी संगणकावरून करावी लागते. Other calendars शेजारचं अधिकचं चिन्ह दाबा, From URL निवडा आणि लिंक चिकटवा. मग त्याच खात्याच्या मोबाइलवर ते कॅलेंडर दिसू लागतं. आयफोनवर कॅलेंडर ॲपमध्येच Add Subscription Calendar हा पर्याय आहे.

इथं एक फरक ध्यानात ठेवा. काही ॲप लिंकऐवजी .ics फाइल उतरवून देतात. ती फाइल आयात केली, तर त्या दिवसापुरती नक्कल मिळते. नंतर भाभींनी तारीख बदलली तरी नणंदेच्या मोबाइलवर जुनीच राहते. बदल आपोआप यायला हवेत, तर लिंकच जोडावी.

लिंकच्या आत प्रत्येक पोस्टची नोंद साधारण अशी असते:

```
BEGIN:VEVENT
UID:eid-post@example.com
DTSTAMP:20250320T060000Z
DTSTART:20250331T013000Z
SUMMARY:ईद मुबारक पोस्ट
END:VEVENT
```

DTSTART म्हणजे पोस्टची वेळ. शेवटचा Z सांगतो, की वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे. भारताची वेळ तिच्यापुढं साडेपाच तास, म्हणून रात्रीचे दीड म्हणजे आपले सकाळचे सात. सातची पोस्ट कॅलेंडरात साडेबाराला दिसू लागली, तर ओळखावं की कुणीतरी भारतीय वेळ तशीच लिहून पुढं Z जोडला आहे. नेमका साडेपाच तासांचा फरक ही त्याची खूण. आधी ॲपच्या सेटिंगमधला टाइम झोन तपासा.

खरी कसोटी चाँदरातीला लागते. २०२५ ची ईद घ्या. ३० मार्चला २९ वा रोजा होता. संध्याकाळी चाँद दिसला आणि ३१ ला ईद झाली. दिसला नसता, तर ईद १ एप्रिलला गेली असती. समजा, भाभींनी ‘ईद मुबारक’ची पोस्ट ३१ च्या सकाळी सातला लावली आहे आणि चाँद दिसला नाही. त्या लगेच ॲपमध्ये तारीख बदलतात. पोस्ट आता योग्य दिवशीच जाईल, कारण ती ॲपमधून जाते. पण गूगल कॅलेंडर जोडलेली लिंक आपल्या सवडीनं वाचतं. बदल दिसायला बारा तास, कधी त्याहून अधिक लागतात. मगरिबनंतर सकाळी सातपर्यंत उरतात जेमतेम बारा तास. तेवढ्यात नणंदेच्या मोबाइलवर जुनीच तारीख राहू शकते, आणि दीर ईदच्या ऑर्डर घेऊन एक दिवस आधीच निघू शकतो.

म्हणून अशा पोस्टसाठी वेगळी पद्धत ठेवावी. ती आधी मसुदा म्हणून ठेवावी आणि नावातच लिहावं, ‘ईद पोस्ट, ३१ किंवा १, चाँदवर अवलंबून’. सोबत ३० तारखेच्या संध्याकाळची नोंद टाकावी, ‘चाँदची घोषणा, मग तारीख पक्की’. ही नोंद दहा दिवस आधीच सगळ्यांकडे पोहोचलेली असते, त्यामुळं लिंकच्या उशिराचा तिला फटका बसत नाही. पक्की तारीख मात्र त्या रात्री फोन करूनच कळवावी. आठवड्यांच्या आखणीसाठी ही सोय उत्तम, तासाभरातल्या बदलासाठी नाही.

दोन गोष्टी घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ही लिंक एकतर्फी आहे. नणंदेला आपल्या कॅलेंडरातून तारीख बदलता येणार नाही, ते काम भाभींच्या ॲपमध्येच होईल. आणि लिंकला सहसा पासवर्ड नसतो. ज्याच्या हाती ती पडेल, त्याला येणाऱ्या सवलती आणि भाव आधीच दिसतील. म्हणून ती मोठ्या ग्रुपवर टाकू नये. कामाला असलेली मुलगी काम सोडून गेली, तर ॲपमध्ये जुनी लिंक रद्द करून नवी तयार करावी आणि घरच्यांनी ती पुन्हा जोडून घ्यावी.