पुढचा प्रश्न स्लाइडवरच असतो

“व्हायवाचं काही सांगता येत नाही, सगळं एक्स्टर्नलच्या मूडवर असतं.” सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं हे दरवर्षी म्हणतात आणि त्यांच्या आधीच्या बॅचनेही त्यांना हेच सांगितलेलं असतं. गाइड म्हणून मी मुलांच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि एक्स्टर्नल म्हणून टेबलाच्या पलीकडेही बसलो आहे. दोन्हीकडचं पाहून सांगतो, हे मत चुकीचं आहे आणि त्याने मुलांचं नुकसान होतं. पहिला प्रश्न कोणता येईल ते खरंच सांगता येत नाही. पण त्या उत्तरावर येणारा दुसरा आणि तिसरा प्रश्न बहुतेक वेळा स्लाइडवर आधीच असतो.

एक्स्टर्नलची परिस्थिती आधी समजून घ्या. तो सकाळी परगावाहून येतो. दिवसभरात एकामागून एक गट त्याच्यासमोर उभे राहतात. तुमचा रिपोर्ट त्याने वाचलेला नसतो, फार तर चाळलेला असतो. प्रश्नांची यादी घेऊन तो आलेला नसतो आणि अभ्यासक्रम आठवत बसायला त्याला वेळही नसतो. त्याच्यासमोर असते ती फक्त पडद्यावरची स्लाइड. म्हणून तो तिथूनच विचारतो. मूड चांगला असेल तर प्रश्न सौम्य शब्दांत येतो, वाईट असेल तर तिखट शब्दांत. पण जागा तीच राहते.

दुसरं मत प्रश्नसंचवाल्यांचं. सीनियरकडून आलेल्या पीडीएफमध्ये शंभर प्रश्न असतात: पोझोलाना म्हणजे काय, वर्केबिलिटी म्हणजे काय, क्यूबचा आकार किती. हे पाठ असावंच, त्याबद्दल वाद नाही. पण हे दार उघडण्याचे प्रश्न आहेत. “सिलिका चुन्याशी संयोग पावते,” असं उत्तर दिलंत की ती पीडीएफ संपते आणि खरी व्हायवा सुरू होते. पुढचा प्रश्न तुमच्या गटाच्या राखेबद्दल, तुमच्या मिक्सबद्दल असतो. तो दुसऱ्याच गटासाठी लिहिलेल्या यादीत कुठून सापडणार?

उदाहरणासाठी आपल्याकडे नेहमी दिसणारा विषय घेऊ: सिमेंटऐवजी काही प्रमाणात बगॅसची राख वापरून केलेलं काँक्रीट. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कॉलेजांत हा विषय सारखा येतो, कारण राख जवळच मिळते. समजा, एका गटाने एम २५ काँक्रीट घेतलं. सिमेंटच्या ०, ५, १०, १५ आणि २० टक्के राख घातली. निकालाच्या स्लाइडवर २८ दिवसांच्या ताकदीचे पाच खांब आहेत: ३२.४, ३३.६, ३४.१, ३०.२ आणि २६.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘१० टक्के हे इष्टतम प्रमाण’.

समजा, या स्लाइडवर पहिला प्रश्न आला: “दहालाच ताकद जास्त का?” मुलं पोझोलानिक क्रियेचं उत्तर देतात, आणि ते बरोबर असतं. मग दुसरा येतो: “मग पंधराला कमी का झाली?” मुलं म्हणतात, सिमेंट कमी झालं म्हणून चुना कमी पडला. हेही चालण्यासारखं आहे. पण एक्स्टर्नलचं लक्ष आता मागच्या स्लाइडवर गेलेलं असतं. तिथे साहित्याचा फोटो आहे आणि फोटोतली राख चक्क काळी आहे. “ही राख इतकी काळी कशी? पाणी तेवढंच ठेवलंत का? स्लम्प किती आला?”

इथे मुलं गप्प होतात. काळी राख म्हणजे तिच्यात न जळलेला कार्बन शिल्लक आहे. असा कार्बन पाणी पितो. पाणी-सिमेंटचं प्रमाण तेच ठेवून राख वाढवली की काँक्रीट कोरडं पडतं, साच्यात नीट बसत नाही, पोकळ्या राहतात. मग १५ टक्क्यांना ताकद घसरली ती चुना कमी पडल्यामुळे की क्यूब नीट ठासला गेला नाही म्हणून? स्लम्पचे पाच आकडे स्लाइडवर असते, तर उत्तराला आधार मिळाला असता. स्लम्प ९० वरून ३० मिलिमीटरवर आला असेल, तर ‘इष्टतम १०’ हा निष्कर्ष निदान अर्धा ठासणीबद्दलचा आहे, रसायनशास्त्राबद्दलचा नाही. आणि हा प्रश्न एक्स्टर्नलच्या मूडमधून आला नाही. तो त्या फोटोमधून आला, फोटो आणि खांब यांच्यामध्ये जी स्लाइड नव्हती तिच्यामधून आला.

याच स्लाइडवर आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ३४.१ हा तीन क्यूबचा सरासरी आकडा. ते तीन आकडे कोणते? समजा ३१.०, ३३.५ आणि ३७.८. राख नसलेल्या मिक्सचे ३०.९, ३२.१ आणि ३४.२. सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आयएस ४५६ चालवून घेते, म्हणून दोन्ही संच ग्राह्य आहेत. पण आता खांब बाजूला ठेवून हे सहा आकडे पाहा. राख नसलेला सर्वांत मजबूत क्यूब राख असलेल्या दोन क्यूबांपेक्षा वरचढ आहे. सरासरीतला १.७ चा फरक हा राखेचा गुण आहे की क्यूबाक्यूबांतला नेहमीचा फरक आहे, हे तीन-तीन क्यूबांवरून ठरत नाही. ज्या गटाने हे आधी पाहिलेलं असतं तो म्हणतो, “सर, १० टक्क्यांपर्यंत ताकद कमी झालेली दिसली नाही एवढंच आम्ही म्हणू, वाढली असं म्हणणार नाही.” हे उत्तर आलं की एक्स्टर्नल पुढच्या स्लाइडकडे वळतो. निदान मी तरी वळतो.

आता तिसरं मत, जे कधीकधी आम्ही गाइडच देतो: “जेवढं कमी दाखवाल, तेवढं कमी विचारतील.” या सल्ल्यापायीच स्लम्पचा तक्ता काढून टाकला जातो. पण आधाराची स्लाइड काढली म्हणून दावा नाहीसा होत नाही, तो फक्त उघडा पडतो. स्लम्पचा तक्ता समोर असता तर प्रश्न त्यातल्या आकड्यांवर आला असता आणि आकडे तुम्हाला ठाऊक होते. तक्ता नाही म्हटल्यावर प्रश्न ‘चाचणी केलीत तरी का’ असा येतो. त्यात संशय मिसळलेला असतो.

मग अंदाज बांधायचा कसा? मी माझ्या गटांकडून एकच गोष्ट करून घेतो. स्लाइड छापायच्या आणि पेन्सिल घेऊन बसायचं. प्रत्येक आकड्याखाली, प्रत्येक निवडीखाली आणि प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारायची. आकड्याला विचारायचं, तू कुठून आलास? निवडीला विचारायचं, दुसरा पर्याय का घेतला नाही? विशेषणाला विचारायचं, तुझी चाचणी कुठे आहे? मग उत्तर लिहायचं, आणि त्या उत्तरात जो नवा शब्द आला असेल त्याखाली पुन्हा रेघ मारायची. पुढचा प्रश्न त्या शब्दावर येतो. असं तीन पायऱ्या खाली जायचं. त्याच्याखाली जाण्यात माझ्या अनुभवाने फारसा अर्थ नाही, कारण तिथून वाटा फार फुटतात.

निवडीचं एक उदाहरण देतो. साहित्याच्या स्लाइडवर नुसतं ‘सिमेंट’ लिहिलेलं असतं. कोणतं? दुकानातून सहज आणलेली गोणी बहुधा पीपीसीची असते, आणि पीपीसीत फ्लाय अॅश आधीच मिसळलेली असते, आयएस १४८९ प्रमाणे १५ ते ३५ टक्के. त्यात तुम्ही आणखी १० टक्के राख घातलीत, तर तुमचा ‘शून्य टक्के’ हा शून्य नव्हताच. चुन्यासाठी दोन राखा भांडत होत्या, आणि एकीचं नेमकं प्रमाण तुम्हाला ठाऊक नाही. सगळा प्रकल्प एका गोणीवर अडतो आणि स्लाइडवर त्याबद्दल एकच शब्द असतो. विशेषणांचं म्हणाल तर शेवटच्या स्लाइडवर ‘स्वस्त, पर्यावरणपूरक आणि टिकाऊ’ हे तीन शब्द हटकून असतात. टिकाऊपणाची एकही चाचणी केलेली नसेल, तर तो शब्द आजच काढा.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो चांगल्या शिक्षकांचा आहे. प्रश्न आधीच ओळखून उत्तरं तयार केली, तर व्हायवाला अर्थ काय राहिला? ती घोकंपट्टीच झाली. या आक्षेपाचा मी आदर करतो, पण वरची उदाहरणं पुन्हा पाहा. स्लम्प किती आला, तीन क्यूब कितीला फुटले, गोणीवर काय छापलं होतं, यातलं पाठ करण्यासारखं काय आहे? ही उत्तरं लॅबच्या वहीत असतात किंवा नसतात. प्रश्न ओळखणं म्हणजे त्या वहीकडे परत जाणं. वहीत उत्तर नसेल, तर “हे आम्ही मोजलं नाही, म्हणून याबद्दल दावा करत नाही,” असं म्हणायची तयारी करणं हाही अंदाजाचाच भाग आहे. घोकणाऱ्या मुलाला हे वाक्य सुचत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एक्स्टर्नलने स्वतः जिओपॉलिमरवर पीएचडी केली असेल, तर तो तिकडे नेईलच. बोलताना तुमच्या तोंडून ‘स्ट्रेन’ऐवजी ‘स्ट्रेस’ निघाला, तर पुढचा प्रश्न त्या चुकीवरून येईल आणि तो कुठल्याच स्लाइडवर नसेल. अशा प्रश्नांना तिथल्या तिथेच तोंड द्यावं लागतं.

पण जे ओळखता येतं ते वेळेत ओळखा. आमची मुलं हे काम व्हायवाच्या आदल्या रात्री करतात आणि तेव्हा त्यांच्या हातात फक्त शब्द उरलेले असतात. क्यूब भरला की दुसऱ्या दिवशी साचा सुटतो, मग तो २८ दिवसांचा होईपर्यंत पाण्यात राहतो. म्हणून स्लाइडचा कच्चा मसुदा व्हायवाच्या सहा आठवडे आधी करा, निकालाच्या जागा रिकाम्या असल्या तरी चालेल, आणि पेन्सिल घेऊन बसा. तेव्हा गोणी बदलता येते, राख चाळून घेता येते, स्लम्प मोजता येतो, शून्य आणि दहा टक्क्यांचे आणखी तीन-तीन क्यूब भरता येतात. चार आठवडे उरले की यातला एकही क्यूब वेळेत तयार होत नाही.