जागा वाढवायला पासवर्ड कशाला?

‘तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरला आहे. २४ तासांत पडताळणी न केल्यास नवीन मेल येणे बंद होईल.’ विवरणपत्रांच्या धामधुमीत करसल्लागाराच्या कार्यालयात असा मेल आला, की नोटीस हुकेल, अशिलाची कागदपत्रे परत जातील, या धास्तीने हात बटणाकडे जातो. पाठवणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

जागा संपत आल्याच्या खऱ्या सूचनाही असतात. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, तीही ड्राइव्ह आणि फोटोंसह. तेव्हा ‘अशी सूचना कधी येतच नाही’ असे कर्मचाऱ्यांना सांगू नका. एकदा खरी आली, की तुमच्या बाकीच्या सूचनाही कोणी मनावर घेणार नाही. पाहायचे ते मेल मागतो काय हे. जागेचा हिशेब सर्व्हरच ठेवतो. जुने मेल काढले, पैसे भरले किंवा अॅडमिनने मर्यादा बदलली तर जागा वाढते. पासवर्डची ‘पडताळणी’ केल्याने एक केबीही वाढत नाही.

‘तुमचे ७ मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी क्लिक करा’ ही त्याचीच दुसरी तऱ्हा. पेटी खरोखर भरली, तर सर्व्हर येणारा मेल नाकारतो. पाठवणाऱ्याला `552 5.2.2` अशासारख्या संकेतासह तो परत गेल्याचे कळते. तुमच्यासाठी गठ्ठा बांधून कोणी ठेवत नाही.

आता दुवा पाहू. बटणावर नुसता माउस नेला, की खाली पत्ता दिसतो. समजा तो असा आहे:

```
https://mail.tumchifirm.in.quota-check.example/login
```

सुरुवातीला आपल्या फर्मचे नाव दिसल्याने माणूस फसतो. पण पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधीचे नाव वाचा. मालक `quota-check.example` आहे, आपण नव्हे. त्या पानावर तुमचा मेल आयडी आधीच भरलेला असतो, कधी फर्मचा लोगोही. पहिल्यांदा पासवर्ड टाकला की काही पाने मुद्दाम ‘चुकीचा’ म्हणतात, म्हणजे तुम्ही तो पुन्हा नीट टाइप करता.

खरे नुकसान पुढे होते. चोर अनेकदा लगेच काही करत नाही. आत बसून बिलांचे मेल वाचतो, बाहेर फॉरवर्ड करण्याचा नियम लावतो आणि एखाद्या दिवशी तुमच्याच पत्त्यावरून अशिलाला नवा बँक खाते क्रमांक कळवतो. म्हणून पासवर्ड दिला गेलाच, तर नुसता तो बदलून भागत नाही. सर्व उपकरणांवरून लॉगआउट करा. सेटिंग्जमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून आपण न लावलेले नियम काढा. ज्यांच्याशी देण्याघेण्याचे मेल चालू आहेत, त्या अशिलांना फोन करा. पैसे गेले असतील, तर १९३० वर तक्रार त्याच तासात नोंदवा.