स्लॅब शेजारच्या विंगचा, हप्ता आमचा

बपेऱ्यातील आमच्या एका किराणा व्यापारी बंधूंनी नागपुरात 30 लाखांचा फ्लॅट बुक केला. बँकेचे कर्ज घ्यायचे नाही, दुकानाच्या कमाईतूनच हप्ते भरायचे, असे त्यांनी ठरविले होते. एके दिवशी तिसऱ्या स्लॅबचे दीड लाखाचे मागणीपत्र आले. ते जागेवर जाऊन पाहतात तो त्यांच्या ‘ब’ विंगचा पहिलाच स्लॅब पडलेला! तिसरा स्लॅब ‘अ’ विंगचा झाला होता.

यात बिल्डरची लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. हल्ली बुकिंग, हप्ते आणि बांधकामाची प्रगती ईआरपी नावाच्या एकाच संगणक प्रणालीत नोंदवितात. इंजिनीअरने टप्पा पूर्ण झाल्याची नोंद केली की त्या टप्प्याशी जोडलेल्या सर्व ग्राहकांची मागणीपत्रे आपोआप निघतात. येथे टप्पे विंगवार न जोडता साऱ्या प्रकल्पाला एकच वेळापत्रक लावले होते. मुदत टळताच व्याज लावणारीही तीच प्रणाली. म्हणजे व्याज टाळण्यासाठी कर्ज न घेणाऱ्याच्याच खात्यावर, न झालेल्या कामाचे व्याज चढू लागते.

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. येथे ती 3 लाख. महाराष्ट्राच्या 2017 च्या नमुना करारात करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर 45 आणि सर्व स्लॅब झाल्यावर 70 टक्क्यांपर्यंत, अशी चढती मर्यादा आहे. जोते ते शेवटचा स्लॅब यांतील साडेसात लाख पाच स्लॅबांवर वाटले, म्हणून दर स्लॅबला दीड लाख. आकडा बरोबर होता, टप्पा चुकला होता. म्हणून मागणीपत्रावर रकमेआधी विंगचे नाव पाहावे आणि आर्किटेक्टचा दाखला मागावा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर आर्किटेक्टचे दाखले असतात. त्यांत इमारतवार किंवा विंगवार काम किती झाले ते लिहिलेले असते.

चूक मान्य झाली तरी ‘सध्या भरू नका’ एवढ्या तोंडी शब्दावर परत येऊ नये. जुनी मागणी प्रणालीत तशीच राहिली तर तिची मुदतही तीच राहते आणि व्याज मोजले जातच असते. मागणी रद्द झाल्याचे लेखी घ्यावे. त्या विंगचा स्लॅब झाल्यावर नव्या तारखेचे पत्र येऊ द्यावे. आमच्या बंधूंनी तसेच केले.

शेवटचे 5 टक्के, म्हणजे त्यांचे दीड लाख, अजून बाकी आहेत. नमुना करारानुसार ते भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा देताना घ्यायचे असतात. चांगल्या प्रणालीत त्या प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख भरल्याशिवाय ताब्याचा टप्पा उघडत नाही. काही ठिकाणी मात्र ‘फर्निचरसाठी ताबा’ असा मधलाच टप्पा घालून हे पैसे आधी मागतात. असे पत्र आले तर प्रमाणपत्राचा क्रमांक विचारा, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.